सचिवांविरुद्ध तक्रार

विद्यार्थी संघाच्या आचारसंहितेतलं नववं कलम तिनंच लिहिलं होतं. तक्रार आली की सचिवानं ती त्याच दिवशी आवक वहीत नोंदवायची, तक्रारदाराला क्रमांक टाकून पोच द्यायची आणि सात दिवसांच्या आत तक्रार समितीपुढे ठेवायची. घटनेपासून तीस दिवसांत समितीपुढे गेली नाही, तर तक्रार रद्द. जुनी भांडणं उकरणाऱ्यांचा बंदोबस्त केला म्हणून तेव्हा ती स्वतःवरच खूश झाली होती. पहिल्या वर्षी माणसाला नियम लिहायची भारी हौस असते. आता तिसरं वर्ष होतं, सगळे तिला सचिवताई म्हणायचे आणि जिन्याखालच्या संघाच्या खोलीचं कुलूप उघडणंसुद्धा तिच्या जिवावर यायचं.

आज बत्तिसावा दिवस होता. बाहेरच्या बाकावर पहिल्या वर्षाची एक धावपटू मुलगी बसली होती. सरावाच्या वेळा परस्पर का बदलता, असं तिनं क्रीडा सचिवाला विचारलं, तेव्हा त्यानं सगळ्यांदेखत तिचं नाव धावपटूंच्या संघातून खोडलं. संघात नाव नाही तर सत्र संपताच वसतिगृहातली खेळाडूंची जागाही जाणार होती. पाचव्याच दिवशी तिनं व्यवस्थित अर्ज लिहून आणून दिला होता. तो अजून सचिवताईच्या फाइलमध्ये होता. नोंद नाही, पोच नाही.

विसरले म्हणावं, तर तेही खरं नव्हतं. क्रीडा सचिव तिच्या वर्गातला, निवडणुकीत तिच्यासाठी दारोदार फिरलेला. त्याच्या तोंडाला लागायचं त्राण तिच्यात नव्हतं. परीक्षा झाल्यावर बघू, सोमवारी बघू, असं करत तिनं दिवस ढकलले. तिला स्वतःची लाज वाटत होती, आणि लाज वाटून घ्यायचाही कंटाळा आला होता.

उपाध्यक्षाला सगळे काका म्हणत, कारण विशीतच त्याला पोट सुटलं होतं आणि कशाचीच घाई नव्हती. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि साधा उपाय सुचवला. मुदत टळली, एवढंच सांगायचं आणि मोकळं व्हायचं. वहीत काही नाही, पोच तिच्या हातात नाही, कोण विचारतंय?

"अकरावं कलम आहे," ती म्हणाली.

काकानं ते कधी वाचलं नव्हतं. पदाधिकाऱ्याच्या कसुरीमुळे मुदत टळली, तर तक्रारदारानं त्याच्याविरुद्ध उपाध्यक्षाकडे लेखी तक्रार करायची. ती नोंदवली की मूळ तक्रार पुन्हा उभी राहते, आणि तो पदाधिकारी निकालापर्यंत पदावरून बाजूला होतो.

"आणि तुझं प्रमाणपत्र?" काकानं विचारलं.

त्यावरच तर सगळं अडलं होतं. पुढच्या प्रवेशाच्या अर्जाला पदाचा कार्यकाळ पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र लागत होतं आणि अर्जाची मुदत महिनाअखेर संपत होती. निकाल त्याआधी लागणं अवघड होतं. आई रोज फोनवर विचारायची, मिळालं का गं? या एका कागदापायी तीन वर्षं सभांची इतिवृत्तं लिहून तिच्या नाकी नऊ आले होते.  शेवटी उठून तिनं मुलीला आत बोलावलं.

आता काय करायचं ते तिनं मुलीला सरळ सांगून टाकलं. मुलगी आधी गोंधळली. ताईंविरुद्ध कसं लिहू, म्हणाली.

"तुझा अर्ज मी दाबून ठेवला," सचिवताई म्हणाली. "लिही."

तारखा तिनंच सांगितल्या, कलमं सांगितली. मुलगी मान खाली घालून लिहीत होती. सांगणं संपलं तरी तिचं पेन थांबलं नाही. आणखी दोन ओळी लिहून तिनं सही केली आणि कागद काकाकडे दिला. काकानं आयुष्यात पहिल्यांदा आवक वही उघडली, क्रमांक टाकला आणि मुलीला पोच दिली. ज्याच्यावर तक्रार त्याला प्रत द्यायची, हे त्याला सचिवताईनंच सांगावं लागलं. त्यानं प्रत काढून तिच्यापुढे ठेवली.

मुलीनं स्वतःच्या मनानं लिहिलेल्या ओळी तळाशी होत्या. "मी तीन वेळा विचारायला आले. प्रत्येक वेळी ताई माझ्याशी फार गोड बोलल्या, म्हणून मी दुसऱ्या कोणाकडे गेले नाही."

सचिवताईनं त्या दोनदा वाचल्या. मुलगी तिच्याकडे बघत नव्हती. काका खिडकीबाहेर बघत होता. त्यात खोडावं असं काहीच नव्हतं. तिनं प्रत मिळाल्याची सही केली आणि खोलीची किल्ली काकाच्या हातात दिली.