पिवळ्या दोऱ्याचे टाके

धाकटीला बसवत नव्हतं. अख्खं नाट्यगृह रिकामं, हवी ती खुर्ची तिचीच, पण ही बया पहिल्या रांगेतून शेवटच्या रांगेत आणि तिथून विंगेत नुसत्या येरझाऱ्या घालत होती. संध्याकाळी पहिला प्रयोग होता, रंगीत तालीम चालली होती, आणि स्टेजवर उभी होती तिची सख्खी ताई.

लग्नानंतर ताईने तोंडाला रंग लावला नव्हता. कोणी अडवलं होतं म्हणावं तर तसंही नाही. भावोजी भला माणूस, कोणाला शब्दाने दुखवणार नाही. आधी मुलं, मग सासूबाईंचं दुखणं, मग नोकरी. एकेक करत राहून गेलं, बस. धाकटीने हातापाया पडून तिला उभी केली, तेव्हा ताईने बजावलं होतं, "एकच प्रयोग हं. पुढच्या शनिवारपासून तुमची ती दुसरी मुलगी करेल. मला माझं घर आहे." दुसरी मुलगी सगळे संवाद घोकून तयार बसली होती. धाकटीचा जीव टांगणीला लागला होता तो याच्यासाठी. आज ताई एकदा दिसणार आणि परत घरात गडप होणार.

आणि गंमत बघा, नाटकही तेच होतं. एक हसरी मुलगी लग्न होऊन एका घरात येते आणि हळूहळू त्या घराचीच एक वस्तू होऊन जाते. शेवटी नवरा घरभर हाका मारतो, ती समोरच बसलेली असते, पण त्याला दिसत नाही. सगळे ज्याला तोंडावर सर आणि पाठीमागे दाढी म्हणत, त्या दिग्दर्शकाने फर्मावलं होतं, "शेवटी ती भिंत झाली पाहिजे!" भिंतीसाठी पैसे मात्र द्यायला तयार नव्हता.

नेपथ्य आणि कपडे दोन्ही धाकटीकडे. रंगाच्या दुकानातून तिने गिऱ्हाइकांनी नाकारलेले, कोपऱ्यात पडलेले डबे उचलले आणि सगळे एकत्र कालवले. असल्या कालवाकालवीतून जो निघतो तोच मळकट राखाडी रंग निघाला, आणि तिला तोच हवा होता. तो भिंतींना. सोफ्यावर जुन्या चादरी, पडदेही जुनेच, सगळे त्याच राखाडीच्या आसपास रंगवलेले. नवऱ्याचे शर्ट पहिल्यापासून राखाडी, कारण तो त्या घरचाच. पिवळा रंग स्टेजभर कुठेही ठेवायचा नाही, फक्त ताईच्या अंगावर. कपाटातल्या पुस्तकांत एक पिवळं होतं, ते तिने कणा आतल्या बाजूला करून ठेवलं. रंग थोडे असले की पैसे कमी लागतात आणि प्रेक्षकाची नजर इकडेतिकडे भटकत नाही, हे ती दाढीला पटवून थकली होती.

ड्रेस तीन, प्रवेशागणिक एक, एकाच पिवळ्या सुती कापडाचे, एकाच मापाचे. पहिला तसाच पिवळाधमक. दुसरा रंगाच्या पाण्यात जेमतेम बुचकळलेला. तिसरा मीठ घातलेल्या गरम पाण्यात कितीतरी वेळ ढवळत ठेवलेला. पिवळ्यावर निळा घातला की हिरवा होतो, म्हणून तिने पिवळ्याला मारणारा जांभळा घातला होता आणि चिमूटभर काळा. ओला असताना फार गडद दिसला, पण वाळल्यावर हुबेहूब भिंत.

तालमीत तिसरा प्रवेश सुरू झाला. ताई सोफ्यावर जाऊन बसली. धाकटीने मागच्या रांगेतून मोबाइलवर फोटो काढला आणि तो काळा-पांढरा करून पाहिला. रंग वेगळे असले तरी गडदपणा सारखा असेल तर गोष्टी एकमेकींत मिसळतात, हे बघायची ही तिची युक्ती. फोटोत सोफा होता, भिंत होती, एक चेहरा होता. बाकी ताई नव्हतीच.

"बाई गायब!" दाढीने टाळ्या पिटल्या. "कमाल केलीस!"

धाकटीला मात्र भरून आलं. एवढ्या खटपटीने आपण हे केलं? ताईला घरातून ओढून इथे आणलं आणि स्वतःच्या हाताने पुसून टाकलं?

तेवढ्यात लाइटवाल्याने बाजूचा पिवळसर, उबदार दिवा चढवला, आणि ड्रेसवर पिवळ्या रेघा उमटल्या. खांद्यावरून, बाहीवरून, कमरेवरून, जिथे जिथे शिवण तिथे तिथे.

"हे काय आहे?" दाढी ओरडला.

धाकटीने कपाळाला हात लावला. शिवताना कापडाला जुळेल असा पिवळा दोरा टेलरला तिनेच दिला होता, आणि तो पॉलिस्टरचा होता. सुती कापड रंग प्यायलं. दोऱ्याने त्याला दादही दिली नाही. रंगाचं काम करणारी कोणतीही पोर सांगेल की दोरा सुती आहे का ते आधी बघावं. हिने पाहिलं नव्हतं.

"काळं कर ते सगळं," दाढी म्हणाला. "मार्कर घे, काहीही घे. एक टाका दिसता कामा नये."

मेकअपच्या खोलीत ताई आरशासमोर बसली आणि धाकटी मार्कर घेऊन तिच्या खांद्यावर वाकली. एकेक टाका रंगवत ती बाहीपर्यंत आली. झालेले टाके पुन्हापुन्हा गिरवत होती.

"घाबरू नकोस गं," ताई म्हणाली. "कोणाला एवढं दिसतंय?"

"मला दिसतंय."

"तू लहानपणापासून चिकित्सकच." ताई हसली. मग तिने दुसरी बाही दिव्याखाली धरली आणि शिवणीवरून बोट फिरवलं. "बघ ना, एवढं उकळलंस तरी हा आपला तसाच. चिवट आहे मेला."

धाकटीने तिच्याकडे पाहिलं आणि मार्करला टोपण लावलं.

"झालं?" ताईने विचारलं.

"झालं."

विंगेत दाढीनेही तेच विचारलं. "जेवढं करायचं तेवढं केलं, सर," ती म्हणाली. त्यात खोटं काही नव्हतं.

संध्याकाळी नाट्यगृह बऱ्यापैकी भरलं. भावोजी मधल्या रांगेत एकटेच, गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. धाकटी मागे दाराशी उभी. तिसऱ्या प्रवेशात ताई सोफ्यावर बसली आणि भिंतीत विरून गेली. नाटकातल्या नवऱ्याने हाक मारली, तो स्वयंपाकघरात डोकावला, त्याने पुन्हा हाक मारली. बाजूचा दिवा चढला. ताईने मान हलवली नाही, फक्त एक बोट बाहीच्या शिवणीवरून सावकाश वर नेलं, आणि त्या बोटामागून पिवळी रेघ दिसत गेली.

"अहो, ती काय तिथे बसलीय!" कोणीतरी बाई न राहवून बोलली.

कोणी हसलं नाही. पडदा पडला.

दाढी धाकटीला फाडून खायला आला होता, पण टाळ्या थांबेनात, तेव्हा "हे मला आधीच सुचलं होतं" असं लोकांना सांगत फिरू लागला. ती मेकअपच्या खोलीत गेली तर भावोजी दाराशी घुटमळत होते.

"मी तुला शोधत होतो," ते ताईला म्हणाले. "म्हणजे, नाटक चालू असताना. समोर होतीस, तरी दिसत नव्हतीस. मग ती शिवण दिसली." ते चष्मा काढून उगाच पुसत राहिले.

धाकटी कपडे पेटीत भरत होती. पहिला ड्रेस, दुसरा ड्रेस. तिसऱ्यासाठी हात पुढे केला तर ताईने तो घडी करून स्वतःच्या पिशवीत टाकला होता.

"अगं, तो पेटीत जायचाय. दुसऱ्या मुलीला लागेल."

"खांद्यावर मार्करचे डाग आहेत," ताई म्हणाली. "धुऊन काढते. शनिवारी मीच घालून येईन."