पोस्टमधलं ते एक वाक्य

नव्या नोकरीवर रुजू होऊन आठवडा झाला, तरी तिने लिंक्डइनवर एक अक्षरही लिहिलं नव्हतं. आधीच्या कंपनीने खोके आणि वेष्टनं डिझाइन करणारा अख्खा विभाग बंद केला, तेव्हा तिच्यासोबत बरेच जण घरी बसले होते. त्यातले कितीतरी अजून शोधतच होते. त्यांच्यासमोर आपली टिमकी कशी वाजवायची?

"अगं, पण सांगितलं नाहीस तर लोक तुझ्यासाठी शब्द टाकतच राहतील," नवरा म्हणाला. "कालही एकीने तुझा बायोडेटा मागितला. तिला उगाच धावपळ करायला लावणार का?"

हे मात्र खरं होतं. नवऱ्याने तेवढ्यात स्वतःच मजकूर लिहून दाखवला. 'हे जाहीर करताना माझा ऊर भरून आला आहे...'

"ऊर भरून आला असेल तर डॉक्टर गाठायला हवा," ती म्हणाली आणि फोन हिसकावून घेतला.

तिने ऑफिसात विचारून घेतलं. पोस्ट टाकायला त्यांची हरकत नव्हती, फक्त कुठल्या ग्राहकाचं काम आहे ते लिहायचं नव्हतं. मग ती लिहायला बसली. आभार मानायचे होते दोघांचे. एक जुन्या विभागाच्या मॅडम. त्यांनी नव्या कंपनीला फोनवर तिच्याविषयी सांगितलं होतं. नाव घ्यायला त्यांनी लगेच होकार दिला. दुसरा दाढी; सगळे त्याला याच नावाने हाक मारायचे. हा जुन्या ऑफिसात तिच्या शेजारच्या टेबलावर बसायचा. तिला मिळालेल्या याच जागेसाठी आधी त्याची मुलाखत झाली होती. नकार आला त्याच संध्याकाळी त्याने त्या लोकांना तिचं नाव कळवलं आणि तिला फोन करून म्हणाला, "खोक्याचा नमुना हातात घेऊन जा. स्क्रीनवर बघून त्यांचं समाधान होत नाही."

तिने लिहिलं, 'स्वतःला नकार मिळूनही त्याने मोठ्या मनाने माझं नाव सुचवलं.' लिहिताना तिचे डोळे पाणावले. तिने मजकूर त्याला पाठवला. 'तुझं नाव टाकू का?'

व्हॉट्सॅपवरच्या खुणा निळ्या झाल्या, म्हणजे त्याने वाचलं होतं. उत्तर आलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. नमुना कापायच्या यंत्रावर पुठ्ठा उलटा लावला, घडीच्या रेषा भलत्याच बाजूला उमटल्या. दर थोड्या वेळाने फोन बघायचा, पालथा ठेवायचा. रागावला असेल? की माझी नोकरी त्याला लागली असेल जिव्हारी? जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडताच ती जिन्यात गेली आणि त्याला फोन लावला.

"काय लिहावं तेच सुचेना," दाढी म्हणाला. "तू इतकं चांगलं लिहिलंयस."

"मग गप्प का बसलास? माझा जीव टांगणीला लागला ना!"

"मला नकार मिळाला, हे जगाला कशाला सांगतेस? मी रोज अर्ज करतोय. माझं नाव शोधलं की आधी तेच वाचतील. तुझ्या पोस्टमध्ये मी मोठ्या मनाचा होतो, पण बिनकामाचाही होतो."

आपण त्याचं कौतुक करतोय असंच तिला वाटत होतं. त्या वाक्यात तो हरला होता आणि ती जिंकली होती, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"चुकलंच माझं," ती म्हणाली. "नाव काढू का?"

"काढतेस कशाला? लोकांना कळू दे की मला काम येतं. तेवढी कीव नको, बाई."

जिन्यातच बसून तिने सगळं पुसलं आणि नव्याने लिहिलं. आपण कुठे रुजू झालो, ते एका ओळीत. मॅडमनी शब्द टाकला, त्याबद्दल आभार. मग दाढीचं. 'मुलाखतीला नमुना हातात घेऊन जा, हे यानेच मला सांगितलं. औषधाचा खोका लहान मुलांना उघडता येऊ नये आणि थरथरत्या हातांना मात्र यावा, असं झाकण त्याने केलेलं मी पाहिलं आहे. सध्या तो नव्या कामाच्या शोधात आहे.' शेवटी, जुन्या विभागातल्या कुणालाही मुलाखतीची तयारी करायची असेल तर मला फोन करा, एवढंच.

मजकूर वाचून दाढीने लिहिलं, 'टाक.'

टाकल्यावरही बेचैनी गेली नाही. संध्याकाळपर्यंत अभिनंदनं आली, पण जुन्या विभागातून मोजक्यांचीच. एकाने नुसतं अंगठ्याचं चिन्ह टाकलं. घरी नवरा म्हणाला, "माझं टाकलं असतंस तर धो-धो लाइक्स पडले असते." तिने मान डोलावली. लक्ष फोनकडेच होतं.

जेवायला बसताना एका औषध कंपनीतल्या अनोळखी बाईंची प्रतिक्रिया दिसली. 'ते झाकण बघायला मिळेल का?' खाली दाढीने आपला नंबर दिला होता.

त्यातून दाढीला काम मिळेल की नाही, कोण जाणे. त्याच रात्री जुन्या विभागातल्या, नुसतं अंगठ्याचं चिन्ह टाकणाऱ्याचाच फोन आला. "शुक्रवारी मुलाखत आहे," तो चाचरत म्हणाला. "तू लिहिलं होतंस ना, फोन करा म्हणून?"

"हो, बोल," ती म्हणाली आणि ताट बाजूला सारलं.