पिवळा न होणारा थेंब

सासूबाईंना गल्लीतले सगळे टँकरवाले ‘तपासनीसबाई’ म्हणत, तेही तोंडावर. पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत त्यांचं आयुष्य गेलं होतं, आणि निवृत्तीनंतर ती प्रयोगशाळा त्यांनी घरच्या ओट्यावर मांडली, इतकंच. टँकर आला की पाइप टाकीत सोडण्याआधी त्याच्या तोंडाचं पाणी काचेच्या बाटलीत घ्यायचं, उजेडात धरायचं, हुंगायचं, मग क्लोरीन तपासायच्या औषधाचे थेंब टाकायचे. पिवळं झालं की झाकण उघडायचं. नाही झालं, की टँकर आल्या पावली परत.

सुनेला हे थोडं जास्तच वाटे. ‘पाणी आहे की परीक्षा?’ असं ती नवऱ्याला हळूच म्हणायची. पण आज ती गप्प होती. सासरे किडनी बदलून संध्याकाळी घरी यायचे होते, आणि डॉक्टरांनी बजावलं होतं, पाण्यातून साधा जंतूसुद्धा पोटात जाता कामा नये. प्यायचं पाणी उकळता येईल, पण अंघोळीचं, चूळ भरायचं, भाज्या-भांड्यांचं काय?

दोन दिवस टँकर आला नव्हता. जमिनीतल्या टाकीचा तळ दिसत होता. दुपारी एकदाचा टँकर आला, बाटली पिवळी झाली आणि सासूबाईंच्या चेहऱ्यावर समाधान आलं. ब्लीचिंग पावडर त्यांनी आधीच बादलीत कालवून ठेवली होती. चुन्याचा गाळ खाली बसला होता. वरचं निवळ पाणी तेवढं त्यांनी टाकीत ओतलं आणि त्यावर टँकर सोडायला लावला, म्हणजे औषध आपोआप घुसळलं जातं. पुढचा अर्धा तास टाकीला कोणी हात लावायचा नाही, हा घरातला कायदाच होता.

अर्ध्या तासाने त्यांनी टाकीतलं पाणी काढून थेंब टाकले. पाणी होतं तसंच राहिलं. त्यांनी दुसरी बाटली धुऊन पुन्हा पाहिलं. पुन्हा तेच.

टँकरवाला खेपेच्या पैशांसाठी दारातच उभा होता. सासूबाईंचा पारा चढला.

“पाइपाच्या तोंडाशी चांगलं पाणी आणि टँकरच्या आत भलतंच, असं करतोस होय रे?”

“काकू, शिव्या नंतर द्या,” तो शांतपणे म्हणाला. “टँकरच्या तळाला अजून पाणी आहे. ते तपासा आधी.”

टँकरच्या तळाचं पाणीही बाटलीत लगेच पिवळं झालं. सासूबाईंनी बाटली खाली ठेवली. मग सुनेला जरा भीतीच वाटावी इतक्या हळू आवाजात म्हणाल्या, “चुकले रे बाबा. तुझं पाणी खरं आहे. आमची टाकी खोटी आहे.”

एवढं औषध घालूनही क्लोरीन उरला नाही, म्हणजे टाकीतल्या घाणीने तो खाल्ला होता. बॅटरीचा झोत पाडला तेव्हा पाण्यातूनही दिसला: गटाराकडच्या भिंतीत खालच्या बाजूला केसाएवढा तडा, भोवती काळपट डाग. टाकी भरलेली असताना पाणी बाहेर झिरपायचं, कोणाला कळायचंही नाही. दोन दिवस ती रिकामी पडली आणि बाहेरची घाण आत आली.

“दुप्पट पावडर टाका,” टँकरवाला म्हणाला. “होईल पिवळं.”

“होईल. पण तडा तसाच राहील. आणि घरी येणाऱ्या त्या माणसाला मी नुसता रंग पाजू का?” सासूबाई म्हणाल्या. “उपसा.”

पाण्याच्या टंचाईत भरली टाकी उपसायची म्हणजे गल्लीच्या डोळ्यावर येणं. शेजारीण गच्चीतून म्हणालीच, “पाणी जास्त झालंय का?” सासूबाईंनी वर पाहिलं नाही. मोटरचं बटण दाबायला मात्र त्यांचा हात उठेना. सुनेने ते पाहिलं. याच बाईला आपण हेकट म्हणत होतो, याची तिला मनापासून लाज वाटली. तिने पुढे होऊन बटण दाबलं. पाणी गटारात धो धो जाऊ लागलं.

टँकरवाला दुसरी खेप घेऊन आला. दोघींनी ब्लीचिंगने घासलेले पिंप अंगणात मांडले आणि टँकरचं पाणी थेट त्यांत घेतलं. औषध पडलं, अर्धा तास गेला. या वेळी थेंब सुनेने टाकले. प्रत्येक पिंपाचं पाणी पिवळं झालं, तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला.

सासरे गाडीतून उतरले ते तोंडावर मास्क बांधून, भिंतीचा आधार घेत. ओला रस्ता पाहून डोळ्यांनी हसले.

“काय तपासनीसबाई, आज कोणाचं पाणी परत पाठवलंत?”

“आपलंच,” सासूबाई म्हणाल्या, आणि इतका वेळ आवरलेलं रडू त्यांना तिथेच फुटलं.