बसा की, विरूपाक्ष!

आमच्या सरकारी दवाखान्यात विरूपाक्षाइतका नम्र रोगी दुसरा आला नसेल. त्रेपन्न साल होतं. मी नुकतीच डॉक्टर होऊन रक्त तपासायच्या खोलीत रुजू झाले होते. नेसरीचा हा तरुण उसाचा बागाईतदार तापानं फणफणत आला आणि दाराशी उभाच राहिला.

"बसा की," मी स्टुलाकडं बोट दाखवलं.

"नगं बाई. तुमच्याम्होरं बसायचं म्हंजे काय?"

मला फार बरं वाटलं. तोवर माझ्यापुढं कुणी असं उभं राहिलं नव्हतं.

त्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजल्या आणि माझाच विश्वास बसेना. पुन्हा मोजल्या. सत्तर हजार! माणसाला दहा हजार म्हणजे डोक्यावरून पाणी. आमचे मोठे डॉक्टर नृसिंहराव, सगळ्यांचे अण्णा, त्यांनी पोट चाचपलं, तर डाव्या बरगडीखाली वाढलेली प्लीहा दोन बोटं लागली.

"ताई, हा रक्ताचा कर्करोग. जुनाट जातीचा," अण्णा हळूच म्हणाले. "उद्याच्या गाडीनं मुंबईला पाठवू. प्लीहेवर क्ष-किरण देतील."

हळू बोललेलं दवाखान्यात टिकत नाही. दुपारपर्यंत विरूपाक्षाला कळलं. पुढच्या महिन्यात त्याचं लग्न होतं. "नीलम्माला सांगा, दुसरा बघ म्हणावं," एवढं म्हणून तो पलंगावर पालथा झाला. मला वाटलं, दुःखानं.

मी काचपट्टी रंगवून दुर्बिणीखाली धरली. कर्करोगात जशी कच्च्या-पक्क्या पेशींची जत्रा भरते तशी इथं नव्हती. कच्च्या पेशी होत्या, पण मोजक्याच. बहुतेक सगळ्या जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल, त्यांच्या पोटात जाड, गडद दाणे, अधूनमधून फिकट निळा डाग. पूर्ण वाढ व्हायच्या आत लढायला धाडलेली फौज! आणि त्या कर्करोगात हमखास वाढणाऱ्या बेसोफिल? काचपट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली, एक सापडली नाही.

"अण्णा, याच्या अंगात कुठंतरी पू आहे. रक्त त्याच्यासाठी धावतंय."

"आणि प्लीहा?"

"त्यांच्या भागात हिवताप. तिकडची निम्मी पोरं सुजलेली प्लीहा घेऊन शाळेत जातात. कर्करोगात सत्तर हजार झाले असते, तर प्लीहा बेंबीकडं निघाली असती."

अण्णांनी काचपट्टी पाहिली. चष्मा पुसून पुन्हा पाहिली. "पू दाखव, गाडी रद्द करतो. नाही सापडला तर सकाळी मुंबई."

मग आम्ही विरूपाक्षाला उलटापालटा केला. दात, कान, घसा, छाती, काखा. काही नाही. कमरेखाली जायची वेळ आली की तो धोतर गच्च धरायचा. "तितं काय बी न्हाय, बाई! देवाची आण!"

संध्याकाळी त्याची होणारी सासू आली. गंगव्वा म्हणजे गुळाच्या ढेपेसारखी भरभक्कम बाई. विरूपाक्ष धडपडत उठून उभा राहिला.

"कूड्री, जावयबापू!" तिनं कानडीत बसायचा हुकूम सोडला.

"नगं, अव्वा. तुमच्याम्होरं—"

"सासूम्होरं न्हाय, मग कुणाम्होरं बसणार? मरणाम्होरं?" असं म्हणून तिनं त्याचे दोन्ही खांदे धरले आणि त्याला स्टुलावर दाबलं.

विरूपाक्ष असा किंचाळून उडाला की स्टूल एका बाजूला, गंगव्वा दुसऱ्या बाजूला. मी आणि अण्णा एकमेकांकडं बघतच राहिलो. दिवसभर आम्ही ज्याला आदब म्हणत होतो!

"अरे शहाण्या, गळू हाय व्हय रं तितं?" गंगव्वा जमिनीवरूनच ओरडली.

"व्हय," विरूपाक्ष भिंतीला सांगत होता. "पर बाईमाणसाला कसं दावायचं?"

आधी गंगव्वा हसली. मग अण्णा. मग मला हसू आवरेना, आणि शेजारच्या पलंगावरचा टाके घातलेला म्हातारा "हसवू नका, फाटतंय!" म्हणून विव्हळायला लागला.

गुदद्वाराशेजारी खोल गळू निघालं. अण्णांनी लगेच भूल देऊन चिरलं. वाटीभर पू. वर पेनिसिलीनची इंजेक्शनं, तीही मांडीत, त्याच्या विनंतीवरून.

तरी माझा जीव टांगणीला होता. कर्करोग असता तर गळू फोडूनही आकडा तिथंच अडून बसला असता. मी रोज मोजत होते. सत्तरचे चाळीस झाले, चाळिसाचे अठरा. आठवड्यानं आठ हजार आले तेव्हा मी खोलीतच टाळ्या वाजवल्या. अण्णांनी मुंबईची चिठ्ठी फाडून तुकडे माझ्या डोक्यावर अक्षतांसारखे टाकले. "माझं बोट प्लीहेवर अडकलं, ताई. अडचण दीड वीत खाली होती!"

खऱ्या अक्षतांना आम्ही दोघं नेसरीला गेलो. मंडप माणसांनी फुललेला. आम्हाला पाहताच नीलम्माशेजारी पाटावर बसलेला नवरदेव तिथूनच ओरडला,

"बाई! अण्णा! बघा की, बसलोय!"

आणि सगळ्यांना दिसावं म्हणून उठून पुन्हा एकदा दणकन बसला.