कालांद्रियाचे बेचाळीस सेकंद

सान इसिद्रोच्या आमच्या शिडाच्या होड्यांच्या क्लबात नुसतं पहिलं येऊन कुणी जिंकत नाही. पहिला आलेला गडी धक्क्यावर उतरतो, ओले बूट काढतो, माते, म्हणजे इथला नळीने प्यायचा कडू चहा, ओढत बसतो आणि मागून रखडत येणाऱ्या होड्यांकडे घड्याळ धरून बघत राहतो. तोंडावर हसू, मनात आकडेमोड. कारण इथे प्रत्येक होडीला तिच्या वेगाप्रमाणे सूट बांधून दिलेली आहे, मैलामागे अमुक सेकंद. चपळ होडीला थोडे, जड होडीला जास्त. पाण्यावर लागलेल्या वेळातून सूट गुणिले मैल वजा करायचे आणि जे उरेल तीच खरी वेळ. बाहेरच्या लोकांना ही भीक वाटते. आम्हाला वाटत नाही, पण पंचांवर चिडलो की आम्हीही तेच म्हणतो.

ही सूट ठरवायची ती नेलिदा फ्रिआसने. पन्नास वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेली बाई, आवाज खणखणीत आणि माया शून्य. तिचं एक तत्त्व होतं, ते ती येताजाता ऐकवायची: सूट होडीची असते, माणसाची नसते. वाईट चालवणाऱ्याला जास्त मिळणार नाही, चांगल्या चालवणाऱ्याची कापली जाणार नाही. एका साच्यातून निघालेल्या होड्या नदीवर दहा-वीस असल्या तर हे तत्त्व छान चालतं. दहा माणसांच्या हातात ती होडी कशी पळते ते दिसतं, माणसं गळून पडतात आणि होडी तेवढी उरते.

पण ‘कालांद्रिया’ जगात एकच होती. पाराना नदीतल्या बेटांवरच्या एका सुताराने बांधली आणि दुसरी बांधायच्या आत मरून गेला. लांब तळकाठीची, जड, शिसवी रंगाची, कडेला हिरवी पट्टी. ती चालवायचा एवारिस्तो सुबेल्दिया आणि फक्त तोच. वर्षातून एकदा आमच्याकडे अदलाबदलीची शर्यत असते. चिठ्ठ्या टाकून सुकाणू दुसऱ्याच्या हाती द्यायचं, होडीच्या मालकाने बरोबर बसायचं पण सुकाणूला हात लावायचा नाही. त्या दिवशी एवारिस्तो हमखास मांस भाजायच्या जाळीपाशी उभा असायचा. होडी आणि दात घासायचा ब्रश आपण कुणाला देत नाही, असं म्हणायचा. लोक हसायचे आणि ताट पुढे करायचे.

तो गेला, आणि कालांद्रिया त्याच्या मुलीकडे, नोएमीकडे आली.

नोएमी लहानपणापासून त्याच होडीत पुढच्या शिडाच्या दोऱ्या ओढत वाढलेली. वारा तिला कळत होता, नदी कळत होती. तरी पहिल्या वर्षी ती प्रत्येक शर्यतीत शेवटची आली. पाण्यावर शेवटची आली तर त्यात नवल नव्हतं. सूट वजा करूनही ती शेवटचीच, आणि थोडीथोडकी नव्हे, जिंकणाऱ्याच्या सात-आठ मिनिटं मागे. ज्या होडीने बापाला कपाट भरून चषक दिले, तीच होडी आपल्या हातात मेल्यासारखी पडते, हे तिला दर शनिवारी सगळ्या क्लबादेखत पाहावं लागायचं.

जवळच्या तिग्रे गावातल्या एका हॉटेलवाल्याने होडी मागितली होती. त्याला ती अंगणात मांडून तिच्यात फुलझाडं लावायची होती. सोमवारी उत्तर देते, असं नोएमीने त्याला सांगून टाकलं होतं. त्या आधीच्या शनिवारी अदलाबदलीची शर्यत होती, आणि तिने आयुष्यात पहिल्यांदा कालांद्रियाचं नाव टोपीत टाकलं. चांगला माणूस सुकाणूवर बसेल, होडी जिंकेल, आणि दोष कुणात आहे ते एकदाचं कळेल. मग विकायला जड जाणार नाही, असा तिचा हिशेब.

चिठ्ठी निघाली रिनाल्दो बेर्तोत्सीच्या नावाची.

याहून चांगला आणि याहून वाईट माणूस मिळाला नसता. नदीवर त्याच्याइतका तरबेज दुसरा नव्हता, हे त्याचे शत्रूही मानत आणि शत्रू पुष्कळ होते. त्याची ‘रेलांपागो’ क्लबातली सर्वांत चपळ होडी. वीस वर्षं तो एवारिस्तोच्या आधी पोहोचायचा आणि वीस वर्षं धक्क्यावर बसून हरायचा. जिंकते ती सूट, म्हातारा नुसता बसून असतो, असं तो चारचौघांत म्हणायचा.

“चल पोरी,” होडीत पाय ठेवताना तो म्हणाला, “आज तुझ्या बापाचं गुपित बघतो. एवढे सेकंद फुकट मिळाल्यावर मी तर डोळे मिटून जिंकीन.”

नोएमी पुढच्या शिडाची दोरी सोडवू लागली. तिच्या मनात होतं, जिंका, आणि मला मोकळं करा.

आग्नेयेचा वारा होता, फार नाही पण सरळ. तांबूस पाण्यावर त्या नदीच्या खास आखूड, उभ्या लाटा उठल्या होत्या. रिनाल्दोने सुरुवात अशी केली की शेजारच्या होडीवरच्या वेन्सेस्लाओ औषधवाल्याने टोपी काढली. पहिली काही मिनिटं नोएमीला वाटलं, झालं, हा घेऊन जातो.

मग लाटा लागल्या. कालांद्रिया तिसऱ्या लाटेवर नाक आपटून थांबली. रिनाल्दोने शीड ढिलं केलं, तिला वेग दिला, ती पुन्हा थांबली. त्याने ताणून बघितलं, होडी थोडी कलती करून बघितली, नोएमीला पुढे बसवलं, मागे बसवलं. तो एकदाही चुकला नाही. नोएमी त्याचे हात बघत होती आणि त्या हातांत तिला खोट सापडत नव्हती. तरी ज्या होड्या तिला दर शनिवारी सोडून जायच्या, त्याच आजही एकेक करून सोडून गेल्या, जवळजवळ त्याच जागी.

अर्ध्या वाटेवर त्याने नोएमीकडे पाहिलं.

“इथे,” शेवटी त्याने विचारलं, “इथे तो काय करायचा?”

बाबा काठाच्या गाळाकडे जायचे, ती म्हणाली, तिथे उलटा प्रवाह कमी असतो. रिनाल्दोने होडी तिकडे घातली. थोड्याच वेळात सुकाणू जड झालं, पाण्यावर चिखलाचा लोट उठला आणि तळकाठी गाळाला घासू लागली. त्याने झटक्यात होडी बाहेर काढली. सगळं कमावलेलं तिथेच गेलं.

“तळ लागतोय की. तो इथूनच जायचा?”

“याच्याही आतून. लागायच्या आधी वळायचे.”

“पण कळायचं कसं?”

“पायांना कळतं म्हणायचे. मला आजवर कळलं नाही.”

रिनाल्दोने आपल्या पायांकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. देवळात चुकून मोठ्याने बोललेल्या माणसासारखा तो दिसत होता. त्यानंतर तो मान खाली घालून, जमेल तितकं चांगलं, शेवटपर्यंत होडी चालवत राहिला.

संध्याकाळी नेलिदाने निकाल वाचला. कालांद्रिया सूट धरून शेवटची, जिंकणाऱ्याच्या सात मिनिटं मागे. सगळा क्लब खदखदून हसला. रिनाल्दो बेर्तोत्सी शेवटचा, हे ऐकायला लोकांनी वीस वर्षं काढली होती. नोएमी मात्र हसली नाही. सात मिनिटं. नदीवरचा सर्वांत तरबेज माणूस, आणि तिच्यात आणि त्याच्यात फरक जेमतेम एका मिनिटाचा.

रिनाल्दो ताट तसंच टाकून नेलिदाच्या टेबलाशी गेला.

“या होडीची मुळातली सूट किती होती?”

“मैलाला दोनशे अठ्ठावीस सेकंद,” नेलिदा म्हणाली. “आता एकशे शहाऐंशी. एवारिस्तो जिंकला की तू माझं डोकं खायचास आणि मी आकडे तपासून थोडी कापायचे. आकडे तुझ्याच बाजूने असायचे.”

“म्हणजे बेचाळीस सेकंद कापले. दहा मैलांची शर्यत.”

नेलिदाला पुढचं सांगावं लागलं नाही. दहा मैलांची सात मिनिटं होतात हे तिला झोपेतही आलं असतं. तिने निकालाचा कागद पुन्हा समोर ओढला. मग म्हणाली, एका शर्यतीवरून मी सूट बदलत नाही. रिनाल्दो म्हणाला, एका नव्हे, या पोरीच्या वर्षभराच्या सगळ्या आणि त्यावर माझी एक, वेगळ्या हातांची.

“होडी एकच, माणूस एकच,” नेलिदा हळू म्हणाली. तिचा तो आवाज कुणी ऐकलेला नव्हता. “दोघांना वेगळं कसं तोलणार होते मी? मी होडीला सूट देत होते आणि त्यात तो बसलेला होता.”

“आणि त्याला ते ठाऊक होतं,” रिनाल्दो म्हणाला. “एकदा, फक्त एकदा जरी माझ्या हाती हे सुकाणू दिलं असतं तरी त्याचे सेकंद परत आले असते. दिलं नाही बेट्याने. मी ओरडत राहिलो, तुम्ही कापत राहिलात, आणि तो तिकडे मांस भाजत राहिला.”

नोएमीला आठवलं. सूट कापल्याचा कागद फळ्यावर लागला की बाबा घरी येताना शीळ वाजवत यायचे. आई विचारायची, सूट कापली ना, मग खूश कशाने? ते म्हणायचे, आज माझं कौतुक झालं. तिला तेव्हा तो त्यांचा विनोद वाटायचा. आता भर गर्दीत तिला कळलं, तो विनोद नव्हता.

नेलिदाने तिथल्या तिथे दोन्ही पंचांना बोलावलं. पुढच्या शर्यतीपासून कालांद्रियाला पुन्हा दोनशे अठ्ठावीस.

रविवारी सकाळी, लांबवर पाण्यावर धुकं असताना, नोएमी एकटीच होडी घेऊन बाहेर पडली. किनाऱ्यालगत नदीत मैल मोजायचे दोन खांब रोवलेले आहेत. ती पहिल्या खांबापासून निघाली, जमेल तितकी चांगली, आणि दुसरा खांब बाजूला येताच मनात मोजू लागली. दहा. वीस. खांब मागे पडत गेला. तीस, आणि वाटलं आता पुरे झालं असेल. चाळीस. बेचाळीसला तिने मागे वळून पाहिलं.

खांब इतका लांब गेला होता की तिथे कुणी उभं असतं तर तिची हाक ऐकू गेली असती की नाही, सांगता येत नव्हतं. आपण त्या खांबाशी असतो तेव्हा बाबा इथे असायचे. याच लाटांत, याच जड लाकडात, एका मैलात एवढे पुढे. पुढच्या मैलाला आणखी एवढे. दहा मैलांनंतर ते धुक्यापलीकडे गेले असते, दिसलेही नसते. आणि ती तर पुढच्या शिडाची दोरी धरून त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसलेली असायची, घरी लवकर जाऊ या म्हणून कटकट करत.

तिने सुकाणू घट्ट धरलं, आणि समोरच्या मोकळ्या पाण्याकडे पाहून एकदाच, मोठ्याने, “बाबा” म्हणून हाक मारली. मग तिने बूट काढले, अनवाणी पाय होडीच्या फळीवर टेकवले आणि कालांद्रियाला गाळाच्या दिशेने वळवलं.