निळ्या दारांच्या गावात

रस्ता विचारायचा तर आधी इंजिन बंद करावं, हे मी टॅक्सी चालवायला लागल्यापासून पाळत आलोय. घरघरत्या गाडीतून नुसती काच खाली केली, की समोरचा 'सरळ जा' म्हणून मोकळा होतो. त्याला वाटतं, याला घाई आहे, मग आपण तरी कशाला तोंड शिणवा. आणि 'हाच रस्ता ना?' असं तर चुकूनही विचारू नये. भल्या माणसाला नाही म्हणणं जड जातं. तो हो म्हणतो आणि आपण भलत्याच गावात जाऊन पडतो.

ही सगळी विद्या मी मागच्या सीटवरच्या मावशींना ऐकवली, कारण फोनवरच्या नकाशाने आम्हाला एका तळ्याच्या काठाशी आणून 'तुम्ही पोहोचलात' असं जाहीर केलं होतं. तळ्यात म्हशी होत्या. घर नव्हतं.

"विचारायचंच नाहीये," मावशी म्हणाल्या.

या मावशी शहरात शिवणकामाचं दुकान चालवायच्या. गळ्यात मापाची टेप तशीच राहिली होती, इतक्या तडकाफडकी त्या निघाल्या होत्या. एकुलत्या एका मुलीने स्वतःचं लग्न स्वतः ठरवलं होतं, या गावातल्या पंप दुरुस्त करणाऱ्या मुलाशी. मुलाला त्या दोनदा भेटल्या होत्या, पण घर पाहिलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात रीतसर बोलावणं होतं, आणि त्याआधी हो की नाही ते आज संध्याकाळपर्यंत मुलीला सांगायचं होतं.

"बोलावल्यावर गेलं की झाडलेलं-पुसलेलं घर दिसतं, दादा. लोकही झाडलेले-पुसलेलेच असतात. मला न सांगता बघायचंय. बघून मुकाट्याने परत जायचंय. माझी पोर तिथे जन्म काढणार आहे."

"घर नंबर?"

"नाही. पोरगी एकदा म्हणाली होती, निळं दार आहे."

गावात शिरलो आणि मला हसू आवरेना. दार निळं, खिडक्या निळ्या, हातपंपसुद्धा निळा. गावात रंगाचं दुकान एकच, आणि त्या पठ्ठ्याने कधीतरी निळ्या रंगाचे डबे ढिगाने आणून ठेवले असणार. नंबर कुठल्याच दारावर नव्हता. आपल्याच माणसांत राहणाऱ्याला नंबर लागतो कशाला?

दोन गल्ल्या फिरल्यावर मावशी नरमल्या. "बरं, विचार. पण कशासाठी ते सांगू नकोस. विम्याचं काम आहे म्हण."

किराणा दुकानदाराला मी विचारलं, पंप दुरुस्त करणाऱ्याचं घर कुठे. त्याने माझ्याकडे पाहिलं, शहराच्या नंबरप्लेटकडे पाहिलं, मागे बसलेल्या मावशींकडे पाहिलं.

"काय काम होतं?"

"विम्याचं."

"असा कुणी नाही इथे."

पिठाच्या गिरणीवरची बाई तेच म्हणाली. सायकलवरून चाललेले मास्तरही तेच म्हणाले, वर तळ्याच्या पलीकडे विचारा म्हणून सल्लाही दिला. म्हणजे पुन्हा म्हशींकडे.

आता माझी ट्यूब पेटली. ज्यांना खरंच ठाऊक नसतं, ते प्रत्येकजण वेगवेगळा चुकीचा रस्ता सांगतात, कारण 'माहीत नाही' म्हणायला कुणालाच आवडत नाही. सगळे मिळून एकच उत्तर देतात, तेव्हा त्यांना पक्कं माहीत असतं.

"मावशी, हे लोक त्याला लपवताहेत," मी म्हणालो. "अनोळखी गाडी, विम्याचं काम. पोराच्या मागे काहीतरी लचांड लागलंय असं त्यांना वाटतंय. तुम्ही त्याच्या कोण, ते कळल्याशिवाय इथलं कुत्रंसुद्धा शेपूट हलवायचं नाही."

मावशी टेपशी चाळा करत बसल्या. "पण सांगितलं तर न सांगता बघणं कसलं?"

"आणि नाही सांगितलं तर बघणंच कसलं?"

सलूनसमोर मी इंजिन बंद केलं. आत एका गिऱ्हाईकाच्या अर्ध्या गालावर साबण होता. मावशी स्वतः उतरल्या, दारात उभ्या राहिल्या.

"पंपवाल्या मुलाचं घर कुठलं?" त्या म्हणाल्या. "माझी मुलगी त्याच्याशी लग्न करणार म्हणते. मी तिची आई. मला भीती वाटते म्हणून बघायला आलेय."

वस्तरा हवेत थांबला. मग जो काय कल्ला झाला! सलूनवाला म्हणाला डावीकडे वळा, आणि हात केला उजवीकडे. मावशी डावीकडे बघू लागल्या. मी म्हटलं, तोंड काय म्हणतंय ते सोडा, हात बघा, हात चुकत नाही. गिरणीवाली धावत आली, "अगंबाई, आधी नाही का सांगायचं!" म्हणून मावशींनाच रागावली. "वडापाशी वळा," ती म्हणाली. वड कुठाय विचारलं, तर म्हणे मागेच पडला, पण वळायचं तिथेच. शेवटी अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक गळ्यातल्या टॉवेलसकट माझ्या शेजारी येऊन बसलं. "चला, दाखवतो. यांना सांगता येत नाही काही."

वाटेत मावशींनी सरळ विचारलं, "मुलाचे दोष सांगा. गुण मला पोरीने सांगितलेत."

"वेळ पाळत नाही," अर्धी दाढी म्हणाली. "सकाळी येतो म्हणेल, दुपारी उगवेल. कारण वाटेत जो हाक मारेल त्याचा पंप बघत बसतो. आणि आईसमोर ब्र काढत नाही. तसं तिच्यासमोर आम्हीही कुणी काढत नाही."

मावशी पहिल्यांदा हसल्या.

बातमी आमच्या आधी पोहोचली होती. गल्लीतून गाडी वळसा घेऊन जाते. बातमी भिंतीवरून जाते. तरी आवरायला कुणाला सवड मिळाली नव्हती. अंगणभर पंपाचे सुटे भाग पसरलेले, त्यात कोपरापर्यंत काळा झालेला मुलगा नुसता बघत उभा. नुकत्याच धुतलेल्या केसांना पंचा गुंडाळलेली त्याची आई दारात आली. आता ही फाडफाड बोलणार, असं मला वाटलं.

तिने मावशींचा हात धरला. "लादी ओली आहे, जपून या. भांडी घासायची राहिलीत, तीही बघा. मला मुलगी असती तर मीही अशीच गेले असते, आणि मला तर टॅक्सीतून उतरायचाही धीर झाला नसता."

मग तिने खरंच घर दाखवलं. कोंबून भरलेलं कपाट उघडलं, तर चादर अंगावर आली. गळणारा कोपरा दाखवला. "गावभर पंप दुरुस्त करतो आणि घरचा नळ टपटपतोय," असं मुलाला ऐकवलं. स्वयंपाकघराच्या खिडकीशी एक नवं शिलाई मशीन होतं, अजून खोक्यातच. "तुमची मुलगी शिवते ना? उजेड इथेच चांगला येतो. म्हणून माझी मांडणी मी तिकडे हलवली."

मावशींनी खिडकीशी जाऊन त्या खोक्यावरून हात फिरवला. मी दारातच होतो. त्यांच्या डोळ्यांना धार लागलेली मला दिसली, आणि खोटं कशाला बोलू, माझेही डोळे भरले.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. मुलीचा आवाज माझ्यापर्यंत येत होता. "आई, दुकान बंद का? मी बाहेर उभी आहे. आहेस कुठे तू?"

मावशींनी पदराने नाक पुसलं.

"तुझ्या घरी," त्या म्हणाल्या.