छटेची पट्टी

हे लिहायचंच नव्हतं. दोनदा टाइप केलं, दोनदा पुसलं. सम्यकच म्हणला, लिही, माझं नाव टाकलं तरी चालंल. म्हणून लिहितोय.

सम्यक शहरात, पुंडलिकनगरात, विशाखा मॅडमच्या दवाखान्यात दातांचा डॉक्टर. मालक मॅडम, हा पगारी. सोमनाथ त्याचा पिशोर गावचा दोस्त, पाचवीपासून एका बाकावरचा. सोमनाथला लहानपणी सारखा ताप यायचा. त्या वेळच्या गोळ्यांनी दातांत राखाडी पट्टे बसले ते बसलेच. गडी हसायचा तेव्हा तोंडावर हात. शाळेत पोरं म्हणायची, "सोम्या, दात हायेत का राखुंडी?"

औंदा त्याच्या लग्नाचं बघणं चालू झालं, तसा सम्यकनं त्याला दवाखान्यात आणला. "पांढरे होतील, पण हे पट्टे लई चिवट. महिने लागतील. घाई करायची नाय."

"तू म्हणशील तसं डॉक्टर," सोमनाथ म्हणला. त्याला डॉक्टर म्हणायला लई मजा यायची.

दातांच्या फोटोचं काम सम्यकनं स्वतःच यूट्यूब बघून शिकलेलं. कॅमेरा हातानं सेट करायचा, ऑटोवर सोडायचाच नाय, नाय तर तो मनानंच रंग बदलतो. फ्लॅश तोच, अंतर तेच. फ्रेममध्ये दोन गोष्टी धरायच्या: एक राखाडी कार्ड, आणि एक छटेची पट्टी. पट्टी म्हणजे खोट्या दातासारखा एक तुकडा, ज्याचा रंग ठरलेला असतो. घरी कॉम्प्युटरवर कार्डावर क्लिक केलं की दिव्याचा पिवळा-निळा रंग निघून जातो. मग कार्ड दोन्ही फोटोंत सारखंच उजळ दिसंल असा उजेड कमी-जास्त करायचा. त्यानंतरच दात शेजारी ठेवायचे. आधीचा आणि नंतरचा.

पहिल्या दिवशी आधीचा फोटो मारला. मग दोन महिने सोमनाथ रात्री दात उजळायचं जेल भरलेला साचा तोंडात घालून झोपला. मग दुसरा फोटो. त्या दिवशी दवाखान्यात गर्दी, मॅडम हाका मारतायत. निशा म्हणून असिस्टंट होती, तिनं कार्ड धरलं, सम्यकनं फोटो मारला, पट्टीवर नजर सुद्धा टाकली नाय. संध्याकाळी मॅडमच्या कॉम्प्युटरवर दुरुस्ती केली. दात असे पांढरे आले, की मॅडम खुर्चीतून उठल्याच.

"अरे सम्यक! हे बाहेर बोर्डावर पाहिजे!"

सोमनाथनं फोटो मोबाइलवर घेतला आणि दहा मिनिटं आरशात आणि मोबाइलात बघत बसला. "आरशात येवढे दिसत नाय रे."

"आरशाच्या वरचा दिवा पिवळाय," सम्यक म्हणला. सहज. तो शब्द त्याला पुढं लई लागला.

सोमनाथनं तोच फोटो बायोडाटात लावला. आईला, आशाबाईला दाखवला. माउलीनं पदरानं मोबाइलची काच पुसली. कन्नडच्या एका घरातून होकारासारखं काही आलं. रविवारी बघायला जायचं ठरलं. पोरीचं नाव प्रेरणा, झेडपीच्या शाळेत शिक्षिका.

शुक्रवारी बोर्ड छापणाऱ्यानं मोठी फाइल मागितली. सम्यकनं दोन्ही फोटो मोठे करून शेजारी लावले. आणि त्याचा हात माउसवरच थांबला.

पट्टी पण पांढरी झाली होती.

पट्टीवर कोणी जेल लावत नाय. ती पहिल्या दिवशी जशी, तशीच राहणार. ती उजळली तर तो उजेड हाय, दात नाय. त्यानं कार्ड बघितलं. दुसऱ्या फोटोत कार्ड दातांच्या मागं सरकलेलं, वरून जरा कललेलं, त्याच्यावर फ्लॅश कमी पडलेला. कार्ड अंधारात दिसलं म्हणून त्यानं अख्खा फोटो उजळवला. दात पण उजळले, पट्टी पण उजळली. त्यानं आता कार्ड सोडून पट्टीवरून हिशोब लावला, दोन्ही फोटोंतली पट्टी सारखी दिसंल तोवर उजेड खाली आणला. दातही खाली आले. फरक होता, नव्हता असं नाय. पण येवढासा. पट्टे जिथल्या तिथं.

तो मॅडमकडं गेला.

"मॅडम, फोटो चुकलाय. कार्डाची जागा बरोबर नव्हती."

"पेशंट खूश आहे ना?"

"त्याला माहीतच नाय अजून."

"मग कशाला सांगतोस? सगळेच असे फोटो लावतात. आपले तरी आपल्याच कॅमेऱ्यातले आहेत, नेटवरून उचललेले नाहीत." मॅडम हसल्या. "आधी बोर्ड लागू दे, सम्यक. तुझंच नाव होईल."

सम्यकनं बाहेर येऊन सोमनाथला फोन लावला. सगळं सांगितलं, कार्ड, पट्टी, उजेड.

"म्हंजे माझे दात कसे हायेत मग?"

"थोडे उजळलेत. अजून सहा महिने..."

"फोटो गेला रे तिकडं. आता काय सांगू, फोटो खोटाय म्हणून?"

"व्हय. सांग. मी येतो संगं."

"नको सांगूस," सोमनाथ म्हणला. "नजर पडलीच तर बघू. लोक कशाला दात मोजतील?"

सम्यक तरी रविवारी कन्नडला संगं गेलाच, दोस्त म्हणून. बैठकीत चहा, पोहे, आशाबाई नवं लुगडं नेसून. प्रेरणा समोर बसली. शांत पोरगी, बोलायला मोकळी. सोमनाथ पहिल्यांदा तोंडावर हात न ठेवता हसला. त्याला वाटलं, जमलं.

पोरीचे मामा, आप्पासाहेब, मोबाइल काढून बसले होते. फोटो मोठा केला, सोमनाथच्या तोंडाशेजारी धरला. सगळ्यांदेखत.

"पाव्हणं, ह्यो फोटो तुमचाच का?"

सोमनाथचा हात वर गेला, तोंडावर.

सम्यक पुढं सरकून बोलला. "चूक माझी हाय. मी डॉक्टर. उजेडाची दुरुस्ती चुकली माझ्या हातनं. ह्याला माहीत नव्हतं."

"माहीत नव्हतं?" आप्पासाहेबांनी सोमनाथकडं बघितलं. "कधी कळलं मग?"

सोमनाथला खोटं जमत नाय. "परवा," तो म्हणला.

"वा. आणि डॉक्टर संगं घेऊनच आला. हमारेच घर में हमको उल्लू बनाने?"

प्रेरणा मधी बोलली, हळूच. "मामा, दातांचं काय एवढं. माझ्या वर्गात अशी किती पोरं हायेत." मग सोमनाथकडं बघून, "पण परवा कळलं होतं, तर आज पहिलं तेच सांगायचं होतं."

बस. पोह्यांच्या बशा तशाच राहिल्या. दात पट्ट्याचेच असते तरी चाललं असतं, हे आशाबाईंना गाडीत बसल्यावर कळलं. त्या वाटंभर एकच बोलल्या, "माझं लेकरू लबाड न्हवतं रं."

त्यांना पिशोरला सोडून दोघं शहरात आले. दवाखान्याची कळा बदललेली. मॅडमनं पहिलीच, जास्त उजळलेली फाइल छापून घेतली होती. दारावर बोर्ड. डावीकडं राखाडी दात, उजवीकडं दुधासारखे. फक्त ओठ आणि दात, बाकी काही नाय. पण सोमनाथनं आपले ओठ ओळखले.

"पिशोरचं कोणी इथं आलं तर वळखंल," तो म्हणला.

"वळखंल."

"हसतील?"

सम्यकनं बोर्डाचे स्क्रू कुठं कुठं हायेत ते बघितलं.

"तुला डॉक्टर म्हणायची लाज वाटाया लागली मला," सोमनाथ म्हणला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

"सोम्या, ऐक."

"ऐकूनच बसलोय की."

"उद्या सकाळी दार उघडायच्या आधी ह्यो बोर्ड मी उतरवतो. मॅडमनं मला कामावरून काढलं तर काढू दे. तुझा खरा फोटो, पट्टीसकट, तुझ्या हातात देतो, आणि कन्नडला जाऊन आप्पासाहेबांच्या हातात पण देतो. तुझ्याशिवाय. एकटा. शब्द देतो तुला."